ट्रीवर सगळ्यात मोठा इंडिपेंडंट सेट कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रॉब्लेम नेमका काय आहे?

एक ट्री दिलाय, म्हणजे n नोड, n-1 एज, सगळं जोडलेलं आणि कुठेही सायकल नाही. त्यातून काही नोड निवडायचेत, अट एकच, निवडलेल्या कुठल्याही दोन नोडमध्ये थेट एज नको. पॅरेंट घेतला तर त्याची मुलं बाद, मूल घेतलं तर पॅरेंट बाद, पण आजोबा आणि नातू दोघेही चालतात, दोन भावंडंही चालतात कारण त्यांच्यात थेट एज नसते. अशा नोडच्या गटाला इंडिपेंडंट सेट म्हणतात, आणि आपल्याला सगळ्यात मोठा हवाय. कधी "मोठा" म्हणजे जास्तीत जास्त नोड, कधी प्रत्येक नोडला वेट दिलेलं असतं आणि वेटची बेरीज जास्तीत जास्त हवी असते. खाली मी वेटवालाच धरतो, कारण सगळी वेट 1 ठेवली की पहिला प्रकार आपोआप येतो, उलटं मात्र होत नाही.

पूर्ण पानभर हा एकच ट्री वापरणार आहे, कंसात वेट आहे:

```
1(6)
├─ 2(5)
│  ├─ 4(3)
│  │  ├─ 7(5)
│  │  └─ 8(4)
│  └─ 5(4)
└─ 3(4)
   └─ 6(7)
      └─ 9(2)
```

कागदावर काढून ठेवा, पुढे सारखा लागेल.

एक लेव्हल सोडून एक घेतली तर झालं ना? त्याला डीपी, म्हणजे डायनॅमिक प्रोग्रामिंग, कशाला?

हा विचार जवळपास सगळ्यांच्या डोक्यात पहिला येतो, आणि तो चुकीचा का आहे ते नीट बघण्यासारखं आहे. वरच्या ट्रीत रूटपासून लेव्हल मोजा. सम लेव्हलवर 1, 4, 5, 6 आहेत, बेरीज 6+3+4+7 = 20. विषम लेव्हलवर 2, 3, 7, 8, 9 आहेत, बेरीज 5+4+5+4+2 = 20. दोन्हीकडे 20 आलं म्हणजे उत्तर 20 असेल असं वाटतं, पण खरं उत्तर 26 आहे: 1, 5, 6, 7, 8. तपासून बघा, यातल्या कुठल्याही दोघांत एज नाही.

गंमत कुठे आहे? 2 आणि 4 हे दोन्ही सोडलेत, आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत. "जोडलेले दोन घ्यायचे नाहीत" ही अट आहे, "जोडलेल्यांपैकी एक घ्यायलाच पाहिजे" अशी अट कुठेच नाहीये. लेव्हलवाली पद्धत ही दुसरी अट गुपचूप लावून टाकते. अजून छोटं उदाहरण हवं असेल तर सरळ साखळी घ्या, वेट 4, 1, 2, 3. एकाआड एक घेतलं तर 6 किंवा 4 येतं, पण दोन्ही टोकं घेतली तर 7, आणि मधले दोघेही सोडलेले.

वेट नसतानाही हे फसतं. दोन नोड एकमेकांना जोडा, प्रत्येकाला तीन-तीन लीफ लावा. आठ नोड, लेव्हलप्रमाणे वाटले तर चार आणि चार, पण सहाही लीफ घेता येतात.

मग सगळ्यात जड नोड आधी उचलायचा, नंतर त्याहून हलका?

नाही. मधला नोड 5 चा आणि त्याला तीन लीफ 3-3 चे, एवढ्यातच कळतं: जड आधी घेतला की 5 वर अडकता, लीफ घेतले तर 9. आमच्या नऊ नोडच्या ट्रीवर ही ग्रीडी योगायोगाने 26 च देते, म्हणून एका सॅम्पलवर पास झालं म्हणजे लॉजिक बरोबर असं समजू नका.

प्रत्येक नोडला दोन आकडे ठेवतात ते का?

आता मुख्य गोष्ट. कुठलाही नोड v घ्या आणि त्याच्या खालचा सगळा सबट्री डोळ्यासमोर आणा. हा सबट्री बाकीच्या ट्रीला फक्त एकाच एजने जोडलेला असतो, v ते त्याचा पॅरेंट. म्हणजे वरच्या जगाला खालच्या जगाबद्दल एकच प्रश्न पडतो, v घेतला की नाही? v च्या खाली पाच पिढ्यांपुढे कोणता नोड घेतला, याच्याशी पॅरेंटला काही देणंघेणं नाही. म्हणून सबट्रीची सगळी माहिती दोन आकड्यांत मावते:

`take[v]` म्हणजे v घेतला असताना त्याच्या सबट्रीतून मिळणारी जास्तीत जास्त बेरीज, आणि `skip[v]` म्हणजे v सोडला असताना मिळणारी जास्तीत जास्त बेरीज.

v घेतला तर एकही मूल घेता येत नाही, म्हणून प्रत्येक मुलाचा skip च घ्यावा लागतो. v सोडला तर प्रत्येक मूल मोकळं असतं, त्याने स्वतःला घ्यावं की सोडावं हे त्याचं तो ठरवतो, जे जास्त ते. आणि एका मुलाचा निर्णय दुसऱ्या मुलावर अवलंबून नसतो, कारण त्यांच्या सबट्रींमध्ये एकही एज नाही, म्हणून बेरीज करता येते. फॉर्म्युला एवढाच:

```
take[v] = w[v] + Σ skip[c]
skip[v] = Σ max(take[c], skip[c])
```

इथे c म्हणजे v चं प्रत्येक मूल. लीफला मुलंच नाहीत म्हणून take म्हणजे त्याचं वेट आणि skip म्हणजे 0. शेवटी रूटवर दोघांतलं मोठं ते उत्तर.

हाताने एकदा करून दाखवाल का?

दाखवतो, आणि खरंच सांगतो, हे एकदा पेनाने केलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

खालून वर यायचं. लीफ आधी: 7 ला take 5, skip 0. 8 ला 4 आणि 0. 5 ला 4 आणि 0. 9 ला 2 आणि 0.

आता नोड 4, त्याची मुलं 7 आणि 8. घेतला तर 3 + 0 + 0 = 3. सोडला तर 5 + 4 = 9. इथेच दिसतंय की 4 ला स्वतःला घेण्यात काही अर्थ नाही, पण आपण तो निर्णय अजून पक्का करत नाही, दोन्ही आकडे वर पाठवतो.

नोड 2, मुलं 4 आणि 5. घेतला तर 5 + skip[4] + skip[5] = 5 + 9 + 0 = 14. सोडला तर 4 कडून max(3, 9) = 9 आणि 5 कडून max(4, 0) = 4, एकूण 13. लक्षात ठेवा, 2 च्या पुरतं बघितलं तर घेणं फायद्याचं आहे, 14 विरुद्ध 13.

दुसरी फांदी. नोड 6: घेतला तर 7 + 0 = 7, सोडला तर 2. नोड 3: घेतला तर 4 + skip[6] = 4 + 2 = 6, सोडला तर max(7, 2) = 7.

आता रूट. 1 घेतला तर 6 + skip[2] + skip[3] = 6 + 13 + 7 = 26. सोडला तर max(14, 13) + max(6, 7) = 14 + 7 = 21. उत्तर 26.

बघा काय झालं, 2 ला वाटत होतं की मला घ्या, पण 1 घेण्यासाठी 2 कडचा फक्त 1 गमवावा लागला (14 ऐवजी 13) आणि बदल्यात 6 मिळाले. दोन आकडे वर पाठवण्याचं कारण हेच, खाली बसून 2 ला वरचा हिशोब कळत नसतो.

skip मध्ये max कशाला? सोडला म्हणजे मुलं घ्यायचीच ना?

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. लोक `skip[v] += take[c]` लिहितात, कोड चालतो, छोटी सॅम्पल पासही होतात आणि मग मोठ्या टेस्टवर राँग आन्सर. आमच्या ट्रीवर हा चुकीचा फॉर्म्युला चालवला तर नोड 2 चा skip 13 ऐवजी 3 + 4 = 7 होतो, रूटचा take 6 + 7 + 7 = 20 आणि skip 14 + 6 = 20. ओळखीचा आकडा आहे ना? हे वरचं लेव्हलवालं 20 च आहे. v सोडला की मुलं घ्या, मूल घेतलं की नातवंडं सोडा, अशी सक्ती केली की डीपी म्हणजे एकाआड एक लेव्हलची बेरीजच उरते, फक्त रिकर्शनच्या वेषात. म्हणून तुमचं उत्तर नेमकं सम किंवा विषम लेव्हलच्या बेरजेइतकं येत असेल, तर पहिल्यांदा max लिहिलाय का ते बघा.

कोड किती मोठा होतो?

फार नाही. सी प्लस प्लसमध्ये:

```cpp
void dfs(int v, int p) {
    take[v] = w[v];
    skip[v] = 0;
    for (int c : g[v]) {
        if (c == p) continue;
        dfs(c, v);
        take[v] += skip[c];
        skip[v] += max(take[c], skip[c]);
    }
}
```

`if (c == p)` ही ओळ विसरू नका, एज दोन्ही बाजूंनी ॲड केलेली असते त्यामुळे मुलाच्या यादीत पॅरेंटही दिसतो आणि मग ते दोघं एकमेकांना बोलावत बसतात. `take` आणि `skip` हे `long long` ठेवा. वेट 10^9 पर्यंत आणि नोड 2×10^5 असतील तर बेरीज 2×10^14 पर्यंत जाते, आणि `int` तर साधारण 2.1×10^9 लाच संपतो. उत्तर निगेटिव्ह दिसलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

प्रत्येक एजवर आपण दोनदा जातो, एकदा पॅरेंटच्या यादीतून आणि एकदा मुलाच्या, म्हणून वेळ `O(n)`. आणि ग्राफ ॲडजसन्सी मॅट्रिक्समध्ये ठेवू नका, 10^5 नोडला 10^10 खाने लागतात.

दोन आकड्यांऐवजी एकच ठेवून नातवंडांपर्यंत उडी मारली तर?

चालतं. एकच आकडा `best[v]` ठेवायचा, आणि v घेतला तर नातवंडांच्या best ची बेरीज अधिक w[v], सोडला तर मुलांच्या best ची बेरीज, दोघांतलं मोठं. लीटकोड 337, म्हणजे हाउस रॉबर थ्री, बरेच जण असाच सोडवतात कारण तिथे बायनरी ट्री आहे आणि नातवंडं जास्तीत जास्त चारच.

पण इथे मेमो ठेवला नाही तर वाट लागते. प्रत्येक नोडला पॅरेंटही बोलावतो आणि आजोबाही बोलावतो, म्हणजे सरळ साखळीवर n साठी लागणारं काम हे n-1 चं काम अधिक n-2 चं काम, फिबोनाचीसारखं वाढतं. पन्नास नोडच्या साखळीलाच टाइम लिमिट जाते. मेमो लावला की पुन्हा `O(n)`. मला विचाराल तर दोन आकड्यांवालंच लिहा, मेमोची भानगड नाही, आणि पुढे सेट छापायचा किंवा मोजायचा झाला तर तेच दोन आकडे कामाला येतात.

सॅम्पल पास होतात पण मोठ्या टेस्टवर प्रोग्रॅम क्रॅश होतो, का?

बहुतेक वेळा रिकर्शनची खोली. ट्री म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फांद्याफांद्यांचं झाड येतं, पण सरळ साखळी हाही ट्रीच आहे आणि प्रॉब्लेम सेट करणारे ती टाकतातच. 2×10^5 नोडची साखळी म्हणजे 2×10^5 खोल रिकर्शन. पायथनची डीफॉल्ट मर्यादा 1000 आहे, त्यामुळे तिथे हजाराच्या आसपासच `RecursionError` येतो, आणि `sys.setrecursionlimit` वाढवून भागेलच असं नाही, आतला स्टॅक संपला तर प्रोग्रॅम काही न सांगता बंद पडू शकतो. सी प्लस प्लसमध्ये लिनक्सवर स्टॅक साधारण 8 एमबी मिळतो त्यामुळे बऱ्याचदा निभावतं, पण तोच कोड विंडोजवर, जिथे डीफॉल्ट 1 एमबीच्या आसपास असतं, तिथे उडतो.

उपाय सोपा आहे, रिकर्शनच नको. रूटपासून एक क्रम बनवायचा ज्यात पॅरेंट नेहमी मुलाच्या आधी येतो, आणि मग तो क्रम उलटा चालायचा म्हणजे प्रत्येक मूल पॅरेंटच्या आधी पूर्ण होतं:

```python
order, par = [1], [0] * (n + 1)
for v in order:
    for c in g[v]:
        if c != par[v]:
            par[c] = v
            order.append(c)

take, skip = w[:], [0] * (n + 1)
for v in reversed(order):
    p = par[v]
    take[p] += skip[v]
    skip[p] += max(take[v], skip[v])
print(skip[0])
```

नोड 1 पासून n पर्यंत आहेत आणि w[0] शून्य आहे असं धरलंय. रूटचा पॅरेंट 0 आहे, म्हणजे 0 हा एक खोटा नोड रूटच्या डोक्यावर बसलाय, आणि तो सोडला तर काय मिळतं हेच आपलं उत्तर, म्हणून शेवटी skip[0] छापलाय. रूटसाठी वेगळा if लिहावा लागत नाही, मला ही पद्धत फार आवडते.

फक्त आकडा नको, कोणते नोड घेतले ते पण हवंय. कसं?

इथे एक सापळा आहे. प्रत्येक नोडवर जाऊन "take मोठा असेल तर घ्या" असं केलं तर सेट चुकतो. आमच्या ट्रीवर बघा, 1 ला 26 > 21 म्हणून घेतला, 2 ला 14 > 13 म्हणून तोही घेतला, आणि 1-2 मध्ये तर एज आहे. तसंच 6 आणि 9 दोघेही येतात. आकडे बरोबर आहेत, पण 2 चा take मोठा असण्याला अर्थ तेव्हाच जेव्हा त्याचा पॅरेंट सोडलेला असेल.

म्हणून निर्णय वरून खाली घ्यायचा. आकडे खालून वर, निवड वरून खाली. पॅरेंट घेतला असेल तर हा नोड सोडायचाच, पॅरेंट सोडला असेल तरच take आणि skip ची तुलना करायची. वरचा order तयारच आहे:

```python
used = [False] * (n + 1)
for v in order:
    used[v] = not used[par[v]] and take[v] > skip[v]
```

1 घेतला, 2 आणि 3 पॅरेंटमुळे सुटले, 4 चा पॅरेंट मोकळा आहे पण 3 > 9 नाही म्हणून सुटला, 5 घेतला, 6 घेतला, 7 आणि 8 घेतले, 9 सुटला कारण 6 घेतलाय. बेरीज 26, जुळलं. छापायच्या आधी सेटची बेरीज पुन्हा करून डीपीच्या आकड्याशी ताडून बघायची सवय ठेवा, आणि प्रत्येक एजची दोन्ही टोकं घेतली नाहीत ना तेही, दोन ओळींचं काम आहे आणि लगेच कळतं.

take आणि skip सारखे आले तर? कुठलंही घ्या, एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत एवढाच त्याचा अर्थ, तेही त्या नोडचा पॅरेंट सोडलेला असेल तरच.

रूट कुठला घ्यायचा?

कुठलाही. प्रॉब्लेममध्ये रूट नसतोच, तो आपण सोयीसाठी धरतो. 6 ला रूट करून बघा: आता 1 हा 3 च्या खाली येतो, 1 चा take 6 + 13 = 19 आणि skip 14, 3 चा take 4 + 14 = 18 आणि skip 19, आणि 6 चा take 7 + 0 + 19 = 26. नोड 1 वरचा आकडा 26 चा 19 झाला कारण त्याचा सबट्रीच बदलला, पण शेवटचं उत्तर तेच. म्हणून मधल्या नोडचे आकडे मित्राच्या आकड्यांशी ताडून बघताना आधी दोघांचा रूट एकच आहे का विचारा.

वेट निगेटिव्ह असली, किंवा एकाऐवजी अनेक ट्री असले तर?

निगेटिव्हला काही बदलावं लागत नाही, काहीच न घेणं (बेरीज 0) चालत असेल तर max स्वतःच तसे नोड सोडून देतो. अनेक ट्री असतील तर प्रत्येकाचं वेगळं उत्तर काढून बेरीज. सुरुवातीच्या order मध्ये [1] ऐवजी सगळ्यांचे रूट ठेवले की ते त्या खोट्या 0 नोडला लागतात आणि वरचाच कोड चालतो.

सगळी वेट 1 असली तर डीपीशिवाय होतं असं ऐकलंय, खरं का?

खरं आहे. वेट नसताना लीफ घेऊन टाकण्यात कधीच तोटा नाही. कारण असं: कुठलंही बेस्ट उत्तर घ्या, त्यात तो लीफ नसेल आणि त्याचा पॅरेंट असेल तर पॅरेंट काढून लीफ घाला, संख्या तेवढीच राहते आणि अट मोडत नाही, कारण लीफला तो एकच शेजारी होता. म्हणून लीफ उचला, त्याचा पॅरेंट काढून टाका, उरलेल्यात परत लीफ शोधा. आमच्या ट्रीवर 7, 8, 5, 9 उचलले, 4, 2, 6 गेले, 1-3 ही जोडी उरली, त्यातला एक. एकूण 5.

पण वेट आलं की हा युक्तिवाद तिथेच मोडतो, कारण पॅरेंटच्या जागी लीफ ठेवला तर बेरीज कमी होऊ शकते. मधला 10 चा आणि लीफ 1-1 चे दोन, लीफवाली पद्धत 2 देते. म्हणून वेट असेल तर डीपीच.

वेट नसताना उत्तर तपासायचा अजून एक छान मार्ग आहे. ट्री हा बायपार्टाइट असतो, आणि बायपार्टाइट ग्राफमध्ये सगळ्यात मोठा इंडिपेंडंट सेट = n वजा मॅक्सिमम मॅचिंग, म्हणजे एकही नोड दोनदा न वापरता जास्तीत जास्त जितक्या एज निवडता येतात तो आकडा, हे क्योनिगच्या प्रमेयावरून येतं. आमच्याकडे 7-4, 5-2, 9-6, 1-3 अशा चार जोड्या लागतात, 9 - 4 = 5. बरोबर.

किती वेगवेगळे इंडिपेंडंट सेट आहेत ते मोजायचं असेल तर?

सांगाडा तोच, फक्त max च्या जागी बेरीज आणि बेरजेच्या जागी गुणाकार. मुलांचे पर्याय एकमेकांपासून स्वतंत्र आहेत म्हणून गुणायचं, आणि "घेतला" व "सोडला" हे वेगळे पर्याय म्हणून मिळवायचे:

```
take[v] = Π skip[c]
skip[v] = Π (take[c] + skip[c])
```

लीफला दोन्ही 1. आमच्या ट्रीवर 4 ला 1 आणि 4, 2 ला 4 आणि 10, 6 ला 1 आणि 2, 3 ला 2 आणि 3, रूटला 30 आणि 70. एकूण 100, रिकामा सेट धरून. ॲटकोडरच्या एज्युकेशनल डीपी कॉन्टेस्टमधला पी नंबरचा प्रॉब्लेम नेमका हाच आहे, तिथे उत्तर 10^9+7 ने मॉड करून मागतात, आणि मॉड प्रत्येक गुणाकारानंतर घ्यायचा, शेवटी एकदाच नाही. चेक करायला सरळ साखळी घ्या: 1, 2, 3, 4, 5 नोडला उत्तर 2, 3, 5, 8, 13 यायला पाहिजे.

"सगळ्यात मोठे" सेट किती आहेत असं विचारलं तर मात्र हे चालत नाही, प्रत्येक आकड्याबरोबर तो किती प्रकारे मिळतो हेही ठेवावं लागतं, आणि take व skip समान आले की दोघांचे प्रकार मिळवायचे.

ट्रीत एकच एज जास्तीची असेल, म्हणजे एक सायकल असेल तर?

तेवढं जमतं. सायकलवरची एक एज पकडा, समजा a-b, ती काढून टाका, मग ट्री उरतो. पण a आणि b दोघे एकत्र घेता येत नाहीत ही अट आपण विसरतोय, म्हणून डीपी दोनदा चालवायचा, एकदा a ला घ्यायची बंदी करून, एकदा b ला, आणि दोघांतलं मोठं घ्यायचं. बरोबर उत्तरात a आणि b पैकी किमान एक तरी नसतोच, त्यामुळे काहीही सुटत नाही.

आमच्या ट्रीत 7-8 ही एज जोडा, आता 4-7-8 असा त्रिकोण झाला आणि जुनं 26 वालं उत्तर बाद, कारण त्यात 7 आणि 8 दोघे होते. 7 ला बंदी केली तर 4 ला 3 आणि 4, 2 ला 9 आणि 8, रूटला 6 + 8 + 7 = 21. 8 ला बंदी केली तर 4 ला 3 आणि 5, 2 ला 10 आणि 9, रूटला 6 + 9 + 7 = 22. उत्तर 22, आणि सेट 1, 5, 6, 7. बंदी करायला त्या नोडचं वेट 0 केलं तरी आकडा बरोबर येतो, फक्त सेट छापताना तो नोड चुकून आत येत नाही ना ते बघा, वरच्या कोडमध्ये `>` आहे `>=` नाही ते यासाठीच जपा.

मग कुठल्याही ग्राफवर असंच का करत नाहीत?

कारण जास्तीची प्रत्येक एज बंदीचा एक नवा प्रश्न आणते. एक एज म्हणजे दोन वेळा, k एज म्हणजे 2^k वेळा, आणि साध्या ग्राफमध्ये k हजारांत असतो. ट्रीत सबट्री बाहेरच्या जगाला एकाच नोडमधून भेटतो म्हणून दोन आकड्यांत काम भागतं, तर साध्या ग्राफमध्ये एखादा तुकडा दहा नोडमधून बाहेर जोडलेला असेल तर त्या दहांपैकी कोण घेतलं याच्या 2^10 शक्यता लक्षात ठेवाव्या लागतात. हा प्रॉब्लेम साध्या ग्राफवर एनपी-हार्ड आहे. कार्पने 1972 मध्ये दिलेल्या 21 प्रॉब्लेमच्या यादीत क्लिक आणि व्हर्टेक्स कव्हर आहेत, ते याचीच दुसरी रूपं. म्हणून स्टेटमेंटमध्ये n नोड आणि n-1 एज असं वाचलं तरी "ग्राफ जोडलेला आहे" असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर एक सायकल आणि एक सुटा नोड मिळूनही n-1 एज होतात, आणि मग तो ट्री नाही.

माझा कोड बरोबर आहे हे सबमिट करायच्या आधी कसं कळणार?

छोट्या रँडम ट्रीवर ब्रूट फोर्सशी ताडून बघा. रँडम ट्री बनवणं अगदी सोपं: 2 पासून n पर्यंत प्रत्येक i ला 1 ते i-1 मधला कुठलाही एक पॅरेंट द्या. n = 12 असेल तर सगळे सबसेट मिळून 4096, प्रत्येकाला एज तपासा, सगळ्यात मोठी बेरीज काढा. वेट 1 ते 10 अशी लहान ठेवा म्हणजे चुकलं तर हाताने शोधता येतं, आणि एखादवेळी निगेटिव्हही टाका. max विसरलेला कोड असा काही सेकंदांत सापडतो.

पण एक गोष्ट अशा रँडम ट्रीत कधीच सापडत नाही, ती म्हणजे खोलीचा क्रॅश. या पद्धतीने बनवलेला ट्री बुटका असतो, लाख नोड टाकले तरी खोली काही डझनाच्या आतच राहते. म्हणून तीन टेस्ट वेगळ्या हाताने टाका: 2×10^5 ची सरळ साखळी, एका नोडला बाकी सगळे जोडलेले असा तारा, आणि n = 1. साखळीवर स्टॅक कळतो, सगळी वेट 10^9 ठेवून ताऱ्यावर ओव्हरफ्लो कळतो, आणि एकट्या नोडवर उत्तर त्याचं स्वतःचं वेट यायला पाहिजे, वेट निगेटिव्ह असेल तर 0.